अडकलेले पार्ट विमानानं मागवताना: सप्लायरला काय लिहायचं आणि वाढीव भाडं कसं वाटायचं

जळगाव एमआयडीसीत बॅटरीवरचे फवारणी पंप जोडणारा एखादा कारखाना घ्या. टाकी, पट्टे, लान्स इथेच होतात, पण आतला १२ व्होल्टचा डायफ्राम पंप चीनच्या ताईझोऊहून येतो आणि निंगबो बंदरातून निघतो. ऑर्डर ६,००० नगांची, भाव ३५० रुपये, एफओबी निंगबो, म्हणजे निंगबोपासून पुढचं भाडं कारखान्याचं. तीस टक्के अ‍ॅडव्हान्स गेलेला, सत्तर टक्के माल निघण्याआधी द्यायचे. माल २० मेला तयार व्हायचा होता. आज सोमवार, ८ जून, आणि सप्लायर सांगतोय की १४ जूनला तयार होईल. म्हणजे पंचवीस दिवस उशीर.

कपाशीवर मावा-तुडतुड्यांची पहिली फवारणी जून सरताना सुरू होते. जामनेर, पाचोरा, पारोळा, शिरपूरचे कृषी केंद्रवाले माल त्याच्या आधी दुकानात मागतात. हे पंप पोळ्याला आले तर उपयोग नाही. अशा वेळी बहुतेक जण एका ओळीची ईमेल टाकतात: 'माल लगेच विमानानं पाठवा, खर्च तुमचा.' समोरून दोन दिवसांनी 'सॉरी सर' येतं. मधले दोन दिवस तेवढे वाया जातात.

सप्लायरला लिहायच्या आधी तीन आकडे कागदावर हवेत: किती नग विमानानं हवेत, त्याचा खरा वाढीव खर्च किती, आणि उशिरातले कुणाचे किती दिवस.

किती नग उडवायचे

सगळी ऑर्डर विमानानं मागवणं ही सर्वात महागडी चूक. विमानानं तेवढेच नग मागवा जे समुद्रातला माल येईपर्यंत लागतील.

वरच्या उदाहरणात कारखान्यात १,९५० पंप शिल्लक आहेत. सध्या रोज १५० लागतात, कारण दुकानदार साठा भरताहेत. रविवार वगळून हा साठा तेरा कामाचे दिवस, म्हणजे २२ जूनच्या संध्याकाळपर्यंत पुरतो. १४ जूनला तयार झालेला माल १८ जूनच्या जहाजात चढला, तर न्हावा शेवाला साधारण १० जुलैला लागेल, आणि कस्टम्स, रस्ता धरून कारखान्यात १७ जुलैला संध्याकाळी. म्हणजे २३ जून ते १७ जुलै, बावीस कामाचे दिवस मोकळे.

इथे लगेच बावीस गुणिले दीडशे करू नका. दीडशे ही साठा भरण्याच्या दिवसांतली गती आहे. त्या तारखांसाठी दुकानदारांनी प्रत्यक्ष नोंदवलेल्या ऑर्डरी काढा. समजा त्या रोज सरासरी १०० येतात. बावीस दिवसांचे २,२०० झाले, आणि जहाज दोन दिवस रेंगाळेल म्हणून २०० वर. मागायचे २,४००, उरलेले ३,६०० समुद्रानेच. ३,३०० ऐवजी २,४०० म्हटल्यानं सप्लायरवरचा बोजाही चतुर्थांशाहून जास्त घटतो, आणि तुम्ही हिशेब करून बोलताय हे त्याला दिसतं.

वजन: विमानाचं बिल कशावर बनतं

विमानाचं भाडं 'चार्जेबल वेट'वर लागतं. खऱ्या वजनाची आणि आकारमानाच्या वजनाची तुलना होते, त्यात जे जास्त ते धरतात. आकारमानाचं वजन काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,००० नं भागायचं. कुरिअर कंपन्या बहुधा ५,००० नं भागतात, त्यामुळे त्यांचा दर तुलना करताना हे विसरू नका.

आपल्या पंपाच्या खोक्यात ४० नग आहेत, खोकं ५० × ४० × ३० सेंटिमीटरचं, भरलेलं वजन २६ किलो. आकारमानाचं वजन दहाच किलो येतं, म्हणजे इथे खरं वजन चालेल. साठ खोकी १,५६० किलो, चार पॅलेटचे अंदाजे ६० किलो, एकूण १,६२० किलो. हाच माल रिकामी प्लॅस्टिक टाकी असती तर गणित उलटलं असतं: वजन नाममात्र आणि बिल हवेचं.

दर ४५, १००, ३००, ५००, १,००० किलो अशा टप्प्यांवर उतरतो. वजन ९४० किलो येत असेल तर फॉरवर्डरला, म्हणजे मालाची वाहतूक ठरवणाऱ्या एजंटला, १,००० च्या टप्प्याचा भाव विचारा, कधीकधी एकूण बिल कमीच येतं.

वाढीव खर्च म्हणजे विमानाचं पूर्ण बिल नव्हे

इथेच बहुतेक वाद होतात. वाटून घ्यायचा तो फरक, कारण समुद्राचं भाडं तुम्हाला एफओबीत एरवीही द्यायचंच होतं. खालचे दर उदाहरणादाखल धरले आहेत, तुमचे त्या दिवशीच्या कोटेशनमधून घ्या.

विमानाचं भाडं सगळे अधिभार धरून किलोला २६० रुपये, १,६२० किलोचे ४,२१,२०० रुपये. हे साठ डबे जहाजानं गेले असते तर ३.६ घनमीटर, घनमीटरला ४,००० प्रमाणे १४,४०० रुपये वाचले. फरक उरला ४,०६,८०० रुपये. न्हावा शेवावरचे स्थानिक आकार आणि मुंबई विमानतळाच्या सहार कार्गोचे आकार इथे सारखे धरलेत. तुमच्या जुन्या बिलांत मोठी तफावत असेल तर तीही धरा.

आता कस्टम्सचा भाग, जो सप्लायरला दिसत नाही. आपल्याकडे ड्युटी भाड्यासकट किमतीवर लागते. पण विमानाच्या मालासाठी मर्यादा आहे: सीमाशुल्क मूल्यांकन नियम, २००७ मधल्या नियम १० नुसार मूल्यात धरायचं हवाई भाडं एफओबी किमतीच्या २० टक्क्यांच्या वर जात नाही. २,४०० पंपांची एफओबी किंमत ८,४०,००० रुपये, त्याचे २० टक्के १,६८,०००. म्हणजे चार लाख एकवीस हजार भाडं दिलं तरी मूल्यात एक लाख अडुसष्ट हजारच. समुद्राचे १४,४०० वजा जाता मूल्य १,५३,६०० नं वाढलं. मूळ ड्युटी ७.५ टक्के आणि तिच्यावरचा दहा टक्के अधिभार, असे ८.२५ टक्के धरले तर वाढीव ड्युटी १२,६७२ रुपये. आयजीएसटीही थोडा वाढतो, पण त्याचं क्रेडिट मिळतं. तो खर्चात न धरता त्या आठवड्याच्या रोकडीत धरा.

बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टम्सचा आयात-अर्ज, भरताना सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम पाहणाऱ्या एजंटला, ही मर्यादा आठवण करून द्या. घाईत पूर्ण भाडं मूल्यात चढलेली बिलं पुष्कळ निघतात, आणि मग परताव्यासाठी फिरावं लागतं.

एकूण वाढीव खर्च ४,१९,४७२ रुपये, नगामागे साधारण १७५. साडेतीनशेच्या पंपावर पावणेदोनशे! हा आकडा पाहिला की एक फोन आधी करावासा वाटतो, आणि तो कराच: दिल्ली किंवा मुंबईच्या व्यापाऱ्याकडे त्याच प्रवाहाचा, त्याच दाबाचा, त्याच बोल्ट-अंतराचा पंप साठ-सत्तर रुपये वर देऊन मिळतोय का? मिळत असेल तर हे सगळं प्रकरण इथेच संपतं. बोल्ट-अंतर जुळत नसेल तर टाकीचा साचा बदलावा लागतो, मग तो मार्ग बंद.

तुमची वरची मर्यादा

वाटाघाटीला बसताना तुम्ही जास्तीत जास्त किती सोसू शकता हे ठरलेलं हवं. २,४०० ऑर्डरींपैकी सगळ्या रद्द होत नाहीत. शहाद्याचे दादा आठ दिवस थांबतील, पण नव्या दुकानदाराला दुसऱ्या कंपनीचा माल मिळेल. दुकानदारांना फोन लावून ही विभागणी करा. समजा निम्म्या, १,२०० ऑर्डरी जातील आणि प्रत्येक फवारणी पंपामागे तुम्हाला ३५० रुपये सुटतात. नुकसान ४,२०,००० रुपये. म्हणजे पूर्ण खर्च एकट्यानं सोसला तर हाती काहीच उरत नाही. निम्मा खर्च वाटला गेला तर दोन लाखांच्या घरात वाचतात. हा आकडा तुमच्यापाशीच ठेवा, पत्रात घालायचा नाही.

उशिराचा हिशेब प्रामाणिकपणे काढा

पीओ, ईमेल, वीचॅटचे संदेश तारखेनं लावा. पंचवीस दिवसांपैकी लेबलचं डिझाइन मंजूर करायला तुमच्याकडून तीन दिवस आणि अ‍ॅडव्हान्सला दोन दिवस उशीर झाला असेल, तर पाच दिवस तुमचे आणि वीस त्याचे. म्हणजे ८०:२०. तुमचे पाच दिवस तुम्हीच आधी लिहा. नाही लिहिले तर उत्तरात तो ते पाचाचे पंधरा करून सांगेल.

सप्लायरची कुवतही पाहा. पूर्ण ऑर्डर २१ लाखांची. त्याला दहा टक्के सुटत असतील तर दोन लाख दहा हजार. ८० टक्के वाटा ३,२५,४४० रुपये होतो. इतक्यावरच अडून बसलात तर तो नकार देईल, किंवा याहून वाईट, हो म्हणेल आणि पुढच्या मालात डायफ्रामचं रबर हलकं घालून वसूल करेल. म्हणून सुरुवात ८०:२० वर, तडजोड ६०:४० ते ५०:५० च्या मध्ये. वाटायचा तो फक्त भाड्याचा फरक, ४,०६,८०० रुपये. वाढीव ड्युटी तुम्ही उचला. ती त्याला पटवून देत बसण्यात दोन दिवस जातात, आणि 'ड्युटी आम्ही सोसतो' हे वाक्य टेबलावर चांगलं दिसतं. ६०:४० ला त्याचे २,४४,०८०, तुमचे ड्युटीसह १,७५,३९२, म्हणजे नगामागे ७३ रुपये. ५०:५० ला नगामागे ९०.

पीओमध्ये उशिराच्या दंडाचं कलम असेल तर तुमच्या हातात एक पान जास्त. आठवड्याला एक टक्का असेल तर पूर्ण तीन आठवड्यांचे ६३,००० रुपये होतात. दंड आणि भाड्याचा वाटा दोन्ही मागू नका. 'वाटा मान्य केलात तर दंड सोडतो' असं म्हणा. उरलेले सत्तर टक्के अडवून धरायची धमकी मात्र फुकट आहे: माल त्याच्या गोदामात आहे, पैसे आल्याशिवाय तो सोडणारच नाही.

पत्र

आधी फोन किंवा वीचॅटवर एकच प्रश्न विचारा: नेमकं काय अडलंय? मोटर आल्यात का, की प्रेशर स्विच यायचाय? जोडलेल्या नगांचा आज काढलेला फोटो मागा. '१४ जूनला तयार' म्हणणाऱ्याकडे ८ जूनला मोटरच नसतील, तर विमानाचं बुकिंग करून जागा फुकट जाते आणि तिचा दंड बसू शकतो.

मग त्याच दिवशी पत्र. इंग्रजीत पाठवताना वाक्यं छोटी ठेवा, एका वाक्यात एकच आकडा. मजकूर असा:

'पीओनुसार माल २० मेला तयार व्हायचा होता. तुमची नवी तारीख १४ जून आहे. २५ दिवसांपैकी ५ दिवस आमच्या मंजुरी आणि अ‍ॅडव्हान्समुळे गेले, हे आम्हाला मान्य आहे.

आमचा साठा २२ जूनला संपतो. म्हणून ६,००० पैकी २,४०० नग विमानानं हवेत. उरलेले ३,६०० ठरल्याप्रमाणे समुद्रानं पाठवा.

६० खोकी, अंदाजे १,६२० किलो, १६ जूनच्या दुपारपर्यंत शांघाय पुडोंगला आमच्या फॉरवर्डरच्या गोदामात द्या.

हवाई भाडं ४,२१,२०० रुपये. वाचलेलं समुद्री भाडं १४,४००. फरक ४,०६,८००. फॉरवर्डरचं कोटेशन जोडलं आहे. यातले ८० टक्के तुम्ही आणि २० टक्के आम्ही सोसावे असा प्रस्ताव आहे. भारतातली वाढीव ड्युटी आम्ही भरू. हे मान्य असेल तर या ऑर्डरीवरचा उशिराचा दंड आम्ही मागणार नाही.

माल १६ जूननंतर दिला तर विमान रद्द करण्याचा किंवा पूर्ण फरक तुमच्याकडून घेण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो.

कृपया उद्या, ९ जून, तुमच्या वेळेनं संध्याकाळी ५ पर्यंत लेखी उत्तर द्या.'

रुपयांचे आकडे पाठवताना डॉलरमध्ये करा आणि कुठल्या तारखेचा दर धरला ते लिहा. भाडं रोज हलतं, म्हणून त्याच्या वाट्याला वरची मर्यादा दिलीत तर मंजुरी लवकर येते. बेफाम वाढणाऱ्या आकड्यावर कुठलाही मालक सही करत नाही.

तो ५०:५० वर अडला तर रक्कम न वाढवता रूप बदला: निम्मा वाटा आत्ता, निम्मा पुढच्या ऑर्डरीवर. त्याच्या २,०३,४०० पैकी १,०१,७०० आत्ताच्या क्रेडिट नोटमध्ये, बाकी पुढच्या. पण 'पुढच्या वेळी बघू' हे उत्तर चालवून घेऊ नका. पुढच्या ऑर्डरीची तारीख आणि रक्कम लिहून घ्या.

होकार आल्यावर कुठे अडतं

पहिलं अडथळ्याचं ठिकाण म्हणजे चुंबक. या पंपाच्या डीसी मोटरमध्ये कायम चुंबक असतं, आणि चुंबकीय माल विमानाच्या होकायंत्रावर परिणाम करू शकतो म्हणून चीनमधून निघताना विमान कंपन्या चुंबक-तपासणीचा अहवाल मागतात. जहाजानं माल पाठवायची सवय असलेल्या सप्लायरच्या हे ध्यानीमनीही नसतं. खोकी विमानतळावर पोचतात आणि दोन-तीन दिवस तिथेच बसतात. ९ जूनलाच फॉरवर्डरकडून तपासणीची वेळ ठरवून घ्या. पंपासोबत लिथियम बॅटरी पॅक येत असेल तर तो या मालातून बाहेर काढा; धोकादायक मालाचे नियम लागले की १६ जून विसरायचा.

दुसरं, तपासणी. घाईच्या लॉटमध्ये गळणारे नग जास्त निघतात, आणि गळका पंप विमानानं आणण्याइतका वाया गेलेला पैसा नाही. प्रत्येक खोक्यातला एक नग, असे साठ नग, पाण्यावर अर्धा तास चालवून सांध्यांचा आणि स्विच किती दाबाला बंद होतो याचा व्हिडिओ मागवा. हे १४ तारखेलाच झालं पाहिजे.

तिसरं, बुकिंग कुणाचं. सप्लायर 'मीच बुक करतो, माझा दर कमी आहे' म्हणेल. दर कमी असतोही, पण तो दोन ठिकाणी माल उतरवत आठ दिवसांनी पोचणारी सेवा घेतो. तुमचा फॉरवर्डर घ्या. त्याचंच बुकिंग ठेवायचं असेल तर विमानाचे क्रमांक, मधला थांबा आणि एअरवे बिलाचा नंबर माल निघण्याआधी मागा.

दोन्ही मालांची इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट वेगळी हवी. एलसीवर, म्हणजे बँकेच्या पतपत्रावर, व्यवहार असेल तर तिथे बहुधा 'समुद्रमार्गे' आणि 'अंशतः पाठवणी नाही' असं लिहिलेलं असतं. बदल करून घेतल्याशिवाय माल हलवू नका.

१८ जूनला विमान निघालं तर १९ ला, शुक्रवारी, मुंबईत. बिल ऑफ एन्ट्री माल उतरण्याआधीच भरून ठेवा, कारण सहारवर मोकळ्या वेळेनंतरचं डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं, किलोवर चढतं आणि शनिवार-रविवार मध्ये आले की ते झोंबतं. सोमवारी २२ ला सुटका झाली की पूर्ण गाडी करा. १,६०० किलोला टाटा ४०७ पुरते. पार्ट लोडला टाकलं तर भिवंडीच्या गोदामात दिवस-दोन दिवस जातात आणि लाखोंचं भाडं तिथेच मातीमोल होतं. संध्याकाळी निघालेली गाडी कसारा, नाशिक, धुळे करत मंगळवारी सकाळी जळगावात लागते.

पैसे कसे वळवायचे

सप्लायरचा वाटा वळता करायला सगळ्यात सोपं वाटतं ते म्हणजे ३,६०० नगांच्या इन्व्हॉइसवर भावच कमी लिहायचा. ते करू नका. जुन्या व्यवहाराची भरपाई भावात मुरवली की कस्टम्सच्या दृष्टीनं ते कमी मूल्य दाखवणं ठरतं. इन्व्हॉइस पूर्ण ३५० चीच हवी. त्यावर वेगळी क्रेडिट नोट, तिच्यात पीओ नंबर, एअरवे बिल नंबर आणि 'हवाई भाड्यातील वाटा' असं कारण.

बँकेकडे आयातीचं प्रत्येक बिल आयडीपीएमएसमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या आयात-नोंद प्रणालीत, पैसे चुकते होईपर्यंत उघडं असतं. इन्व्हॉइसपेक्षा कमी पैसे पाठवले की ते अर्धवट राहतं आणि पुढच्या पेमेंटला बँक हरकत घेते. म्हणून क्रेडिट नोट जोडून पैसे कापून पाठवायच्या आधी बँकेच्या फॉरेक्स डेस्कला विचारा आणि त्यांचं उत्तर ईमेलवर घ्या. याला पर्याय म्हणजे फॉरवर्डरच्या चीनमधल्या ऑफिसनं सप्लायरकडून त्याचा वाटा थेट तिकडेच घ्यायचा आणि तुम्हाला उरलेल्याचंच बिल करायचं. फॉरवर्डर जुना असेल तर तो हे करतो, आणि तुमच्या बँकेच्या खात्यात काही उघडं राहत नाही. अशा वेळी पूर्ण भाड्याचा कागद मात्र सीएचएकडे द्या, कारण मूल्यात धरायचं भाडं तुम्ही दिलेल्या वाट्यावरून काढायचं नसतं.

क्रेडिट नोट हातात येईपर्यंत ३,६०० नगांचे सत्तर टक्के सोडू नका. ही अट पत्रव्यवहारात ९-१० जूनलाच आलेली असेल तर ती धमकी वाटत नाही. १८ जूनला जहाज सुटताना काढलीत तर मात्र जहाज चुकतं, आणि जुलैत पुन्हा हाच हिशेब मांडावा लागतो.